एक कोटीला किती टक्के?

2022च्या सुरुवातीला मालेगावकडचा एक तरुण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आला. त्याच्यासोबत फवारणीची एक हातगाडी होती. पाठीवर पंपाचं ओझं घेऊन शेतकऱ्याला रान तुडवावं लागू नये, म्हणून त्यानं ती स्वतःच्या डोक्यानं घडवली होती. पुढे ‘जुगाडू कमलेश’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या तरुणानं ‘शार्क टँक इंडिया’च्या मंचावर 30 लाख रुपये मागितले आणि त्या बदल्यात 10 टक्के हिस्सा देऊ केला. शेवटी लेन्सकार्टच्या पीयूष बन्सल यांच्याशी त्याचा जो सौदा पडद्यावर ठरला, तो वेगळाच होता: 10 लाख रुपये 40 टक्के हिश्शासाठी आणि 20 लाख रुपये बिनव्याजी कर्ज.

40 टक्के हा आकडा ऐकला की छातीत धस्स होतं. दहा द्यायला आलेला माणूस चाळीस देऊन गेला, असंच वाटतं. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की चित्र बदलतं. 10 लाखांना 40 टक्के, म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनी 25 लाखांची आणि येण्याआधी 15 लाखांची. याच भावानं पूर्ण 30 लाख हिश्शापोटी घेतले असते, तर 15 अधिक 30 अशा 45 लाखांच्या कंपनीत गुंतवणूकदाराचे 30 लाख, म्हणजे दोन तृतीयांश मालकी गेली असती. कमलेशच्या हाती 60 टक्के राहिले ते त्या 20 लाखांच्या कर्जामुळे. त्या सौद्यातली सर्वात मोलाची गोष्ट टक्केवारीत नव्हती, पैशाच्या वाटणीत होती.

ही वाटणी नवी नाही. 1977 साली कॅलिफोर्नियात दोन तरुणांच्या अ‍ॅपल नावाच्या कंपनीत माइक मार्कुला यांनी अडीच लाख डॉलर घातले. त्यातले 80 हजार हिश्शापोटी होते आणि 1 लाख 70 हजार कर्जाऊ. मार्कुला एक तृतीयांशाचे मालक झाले. हिस्सा मोठाच, पण त्यांनी दिलं काय तेही पाहायला हवं. इंटेलमध्ये मार्केटिंग केलेला हा माणूस अ‍ॅपलचा तिसरा कर्मचारी म्हणून रुजू झाला, धंद्याचा आराखडा लिहायला बसला आणि कंपनी चालवायला मायकेल स्कॉट यांना घेऊन आला. दोन्ही सौद्यांत हिश्शाची रक्कम एकूण पैशाच्या साधारण एक तृतीयांश आहे आणि बाकीचं कर्ज. योगायोगच आहे, पण किती टक्के द्यायचे हा प्रश्न कुठून सुरू करायचा, ते त्यातून नेमकं कळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्याच्या एमआयडीसीत दोन जावा नाचणीची बिस्किटं करतात. थोरली भट्टी सांभाळते, धाकटी विक्री आणि हिशेब. पहाटे पाचला पहिली घाणी निघते, पीठ मळणाऱ्या यंत्राचा पट्टा आठवड्यातून एकदा तरी सरकतो आणि दिवाळीच्या आधी महिनाभर मागणी पुरी करता येत नाही. वर्षाची विक्री 4 कोटी, कर भरून उरणारा नफा 30 लाख. आता त्यांना मोठी सलग भट्टी घ्यायची आहे, 60 लाखांची. शिवाय पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोहोचायला विक्रीची माणसं, जाहिरात आणि उधारीवर जाणारा माल यासाठी 1 कोटी हवेत. ओळखीतून एक गुंतवणूकदार भेटायला येतो. दोघींच्या डोक्यात आकडा एकच असतो, 1 कोटी 60 लाख. गडबड तिथेच होते.

भट्टी ही बँकेला दाखवता येणारी वस्तू आहे. 60 लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी 12 टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे 1 लाख 33 हजार येतो आणि सगळं मिळून व्याज जातं 20 लाखांच्या आसपास. तारण अपुरं असेल तर सीजीटीएमएसई ही सरकारी हमी योजना आहे. 1 एप्रिल 2025पासून तिच्यातली कर्जमर्यादा 10 कोटींपर्यंत नेली आहे. आता हीच भट्टी गुंतवणूकदाराच्या पैशानं घेतली तर? कंपनीची आजची किंमत 4 कोटी धरली, तर 1 कोटीला 20 टक्के जातात आणि 1 कोटी 60 लाखांना साडेअठ्ठावीस. म्हणजे भट्टीपोटी साडेआठ टक्के. पाच वर्षांनी कंपनी 20 कोटींची झाली, तर त्या साडेआठ टक्क्यांची किंमत 1 कोटी 70 लाख होईल. बँकेचं व्याज 20 लाखांवर थांबतं आणि कर्ज फिटतं. दिलेला हिस्सा मात्र फिटत नाही.

कर्जाचीही एक बाजू सोडून चालणार नाही. हप्ता मंदीतही भरावा लागतो. या दोघींचा नफा महिन्याला सरासरी अडीच लाखांचा आहे, म्हणून तो झेपतो. नफा लाखाच्या खाली असता तर हाच सल्ला घातक ठरला असता. आणि जाहिरात, नवी माणसं, नव्या शहरातला पहिल्या वर्षाचा तोटा यासाठी बँक सहसा दारात उभी करत नाही. तो धोका वाटून घेणाऱ्याला हिस्सा देणं रास्तच आहे. तेव्हा गुंतवणूकदाराकडे मागायचे ते 1 कोटी.

आता भावाची गोष्ट. गुंतवणूकदार चहा पिता पिता म्हणतो, “मी तुमची कंपनी 4 कोटींची धरतो.” दोघी खूश होऊन घरी जातात. पण हे 4 कोटी त्याचे पैसे येण्याआधीचे की आल्यानंतरचे, हे कोणीच विचारलेलं नसतं. धंद्यात याला प्री-मनी आणि पोस्ट-मनी म्हणतात. आधीची किंमत 4 कोटी असेल, तर 1 कोटी मिळवून कंपनी 5 कोटींची होते आणि त्याचा हिस्सा 20 टक्के. नंतरची 4 कोटी असेल, तर 4 कोटींतला 1 कोटी त्याचा, म्हणजे 25 टक्के. दोघींकडे मिळून 80 हजार शेअर असतील, तर पहिल्या अर्थानं एका शेअरचा भाव 500 रुपये पडतो, दुसऱ्या अर्थानं 375. एका शब्दाचा हा फरक. म्हणून बोलणं टक्क्यांत न करता शेअरच्या संख्येत आणि भावात करावं. किती नवे शेअर, कोणत्या भावानं आणि त्यानंतर एकूण शेअर किती, या तीन आकड्यांत लपवायला जागा उरत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक मागणी पुढे येते. कर्मचाऱ्यांना देण्यासाठी 10 टक्के शेअर बाजूला ठेवा, असं गुंतवणूकदार सुचवतो. सूचना चांगली आहे. विक्रीचा अनुभवी माणूस टिकवायचा तर हे लागतंच. प्रश्न एवढाच की ते 10 टक्के कोणाच्या वाट्यातून जायचे. त्याचे 20 तसेच ठेवून हा वाटा त्याचे पैसे येण्याआधी काढला, तर जावांकडे 70 उरतात. सगळ्यांच्या हिश्शातून सारखा काढला, तर जावांकडे 72 आणि त्याच्याकडे 18.

पाच टक्के इकडे-तिकडे झाल्यानं एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण वाढणारी कंपनी एकदाच पैसे उभे करत नाही. पुढे दोन वेळा पैसे घेतले आणि दर वेळी नव्या माणसाला 20 टक्के द्यावे लागले असं धरा. आज 80 टक्के राखले असतील तर दुसऱ्या फेरीनंतर 64 उरतात आणि तिसरीनंतर 51.2. आज 75च राखले असतील तर आधी 60 आणि मग 48. म्हणजे आजच्या बैठकीत न विचारलेल्या एका शब्दामुळे सहा-सात वर्षांनी बहुमत जातं. पहिल्या फेरीत 10 ते 20 टक्क्यांच्या आत राहावं, असं जाणकार सांगतात ते याच गणितामुळे.

कायद्यातही काही उंबरठे आहेत. 2013च्या कंपनी कायद्यानुसार साधा ठराव अर्ध्याहून अधिक मतांनी होतो. पण कंपनीची नियमावली बदलणं, बाहेरच्या माणसाला नवे शेअर देणं अशा गोष्टींना विशेष ठराव लागतो आणि त्यात बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. 25 टक्क्यांहून एक मत जरी जास्त हातात असलं, तरी असा ठराव अडवता येतो. आपल्याकडे सौद्यांत 26 टक्क्यांचा आकडा वारंवार का ऐकू येतो, त्याचं उत्तर इथे आहे. ज्याच्याकडे 10 टक्के आहेत, तोही विशेष सभा बोलवायला लावू शकतो आणि अन्यायाची तक्रार घेऊन कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो.

इथवर आलेला उद्योजक टक्क्यांवर घासाघीस करून 20वर सौदा आणतो आणि निश्वास टाकतो. पण खरी किंमत पुष्कळदा पुढच्या पानांवर असते.

बहुतेक गुंतवणूकदार साधे शेअर घेत नाहीत. ते पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारे प्राधान्य शेअर घेतात आणि टर्मशीटमध्ये ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ नावाचं कलम असतं. कंपनी विकली किंवा बंद झाली, तर आलेल्या पैशातून आधी कोणाचे किती, हे ते कलम ठरवतं. त्याचे तीन नमुने एकाच सौद्यावर लावून पाहण्यासारखे आहेत. गुंतवणूकदाराचे 1 कोटी आणि 20 टक्के कायम धरू. चार वर्षांनी धंदा अपेक्षेइतका वाढला नाही आणि दोघींनी कंपनी 3 कोटींना विकली, देणी भागवून तेवढे हातात आले.

पहिला नमुना सौम्य आहे: गुंतवणूकदारानं एक तर आपले 1 कोटी घ्यावेत किंवा आपला 20 टक्के हिस्सा, जे जास्त असेल ते. तो 1 कोटी घेईल, जावांना 2 कोटी मिळतील. दुसऱ्यात तो आधी आपले 1 कोटी काढतो आणि उरलेल्या 2 कोटींतही 20 टक्के मागतो. त्याचे झाले 1 कोटी 40 लाख, जावांचे 1 कोटी 60 लाख. तिसऱ्यात मूळ रकमेच्या दुप्पट आधी काढायची असते आणि उरलेल्यात वाटाही. मग त्याचे 2 कोटी 20 लाख आणि पहाटे पाचला भट्टी पेटवणाऱ्या दोघींचे मिळून 80 लाख. कागदावर 20 टक्क्यांचा मालक, हातात 73 टक्के रक्कम. टक्केवारी तीच, भावही तोच. बदललं ते फक्त एक वाक्य.

पहिला नमुना न्याय्य म्हणावा लागेल. धंदा बुडाला तर ज्यानं रोख घातली त्याला ती आधी मिळावी, यात वावगं काही नाही. दुसऱ्यावर घासाघीस करावी. मिळणारी एकूण रक्कम दुप्पट किंवा अडीचपट झाली की आधीचा हक्क संपेल, अशी मर्यादा त्याला घालून घेता येते. तिसरा नमुना पुढे आला तर 20 टक्क्यांऐवजी 24 द्यावेत, पण ते वाक्य खोडून घ्यावं. 3 कोटींच्या विक्रीत 24 टक्क्यांवर सौम्य नमुन्यानं त्याला 1 कोटीच मिळतात. कंपनी 10 कोटींना गेली तर तिसऱ्या नमुन्यानं 20 टक्केवाला 3 कोटी 60 लाख नेतो आणि सौम्य नमुन्यातला 24 टक्केवाला 2 कोटी 40 लाख. म्हणजे हे चार टक्के जास्त देणं दोन्ही वेळा स्वस्त पडतं.

मग बदल्यात मागायचं काय? पैसा तर येणारच आहे, पण तो कसा येणार हे आधी ठरवावं. “अर्धे आता, अर्धे प्रगती बघून” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसं असेल तर दुसऱ्या अर्ध्याचा भाव आजच ठरलेला हवा, अट मोजता येण्यासारखी हवी, उदाहरणार्थ पुण्यातली 150 दुकानं, आणि शेअर जेवढे पैसे आले तेवढेच द्यायचे. पूर्ण 20 टक्के आधी आणि निम्मे पैसे नंतर, या व्यवस्थेत अडकलेल्या उद्योजकाला दुसरीकडे जाताही येत नाही.

दुसरी मागणी शब्दांच्या मदतीबद्दल. गुंतवणूकदार सांगतो, “माझी मोठ्या दुकानसाखळ्यांमध्ये ओळख आहे, म्हणून 20ऐवजी 22 घेईन.” ओळखीची किंमत असते हे खरंच; मार्कुलांनी ती कामातून दाखवली. पण ते जादा 2 टक्के मूळ सौद्यात मिसळू नयेत. ते वेगळ्या कागदावर लिहावेत आणि काम झाल्यावर द्यावेत: एका साखळीत माल लागला की 1 टक्का, दुसरीत लागला की दुसरा. ज्याला खरोखर मदत करायची आहे तो याला हरकत घेत नाही, असा अनुभव या क्षेत्रातले सीए सांगतात. याच कागदावर, तो दुसऱ्या बिस्किटवाल्यात पैसे घालणार असेल तर काय, आणि आपले शेअर स्पर्धकाला विकायचे झाले तर आधी जावांना विचारायला लागेल, हेही लिहून घ्यावं.

नकाराधिकाराच्या यादीवर मात्र सर्वात जास्त वेळ द्यावा. करारात पुष्कळदा दोन पानांची यादी येते: इतक्या गोष्टी गुंतवणूकदाराच्या लेखी संमतीशिवाय करायच्या नाहीत. त्यात नवे शेअर काढणं, कंपनी विकणं, मालकांनी स्वतःचा पगार मनमानी वाढवणं हे असावं. तो त्याच्या पैशाचा रास्त पहारा आहे. पण ‘कोणताही भांडवली खर्च’ किंवा ‘कोणतीही नेमणूक’ असे शब्द असतील, तर 20 टक्केवाला रोजचा मालक होतो. तिथे आकडा घालून घ्यावा, जसं 25 लाखांवरचा खर्च किंवा महिन्याला दीड लाखांवरचा पगार. शिवाय मुदत मागावी: सात कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती धरली जाईल. सणाच्या आधी पिठाचा मोठा सौदा करायचा असताना साहेब परदेशात आणि फोन बंद, ही अडचण कल्पनेतली नाही.

आणि शेवटी बाहेर पडण्याचं कलम. पाच-सात वर्षांत गुंतवणूकदाराला पैसे मोकळे करून द्यायचे, नाही जमलं तर कंपनीनं त्याचे शेअर ठरलेल्या परताव्यासह परत घ्यायचे, असं त्यात लिहिलेलं असतं. कायद्यानं कंपनीला स्वतःचे शेअर परत घेण्यावर मर्यादा आहे. भरणा झालेलं भांडवल आणि मोकळी गंगाजळी यांच्या 25 टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. म्हणून त्याच कलमात पुढे एक ओळ असते की कंपनीला जमलं नाही, तर मालकांनी स्वतः ते विकत घ्यावेत. ही ओळ राहिली की गुंतवणुकीचं घरावरचं कर्ज होतं. ती काढून टाकण्याची मागणी ठामपणे करावी. फसवणूक झाली तर मालक स्वतः जबाबदार, इतपत मान्य करायला हरकत नाही.

ही सगळी वचनं करारात आली म्हणजे काम झालं, असंही नाही. 1991च्या रंगराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खासगी कंपनीच्या शेअरच्या हस्तांतरावरचं बंधन तिच्या नियमावलीत नसेल, तर केवळ भागधारकांच्या आपसातल्या कराराच्या जोरावर ते लागू होत नाही. स्पर्धकाला शेअर विकू नयेत ही जावांची अट म्हणून नियमावलीतही उतरायला हवी. हे काम सीएसकडून सही करण्याआधी करून घ्यावं, नंतर नव्हे.

एक चौकशी मात्र वकिलाविना होते. या गुंतवणूकदारानं ज्या कंपन्यांत पैसे घातले, त्यातल्या बुडालेल्या एखाद्या कंपनीच्या मालकाला फोन करावा. चाललेल्या धंद्याचा मालक कौतुकच करेल. विक्री घसरली तेव्हा हा माणूस बैठकीत कसा बोलला, पगार थकले तेव्हा त्यानं काय केलं, हे दुसराच सांगेल.

सौदा ठरल्यावर आलेले 1 कोटी स्वतंत्र बँक खात्यात ठेवावे लागतात. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर द्यायचे, आणि दिल्यावर 15 दिवसांत PAS-3 हा अर्ज कंपनी निबंधकाकडे भरायचा. तो भरला जाईपर्यंत त्या खात्यातला रुपयाही वापरता येत नाही. धाकटीनं पुण्यातल्या वितरकाला तारीख देण्याआधी हे दिवस मोजलेले असावेत. दिवाळी ऑक्टोबरात आली, तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच सह्या झालेल्या बऱ्या.